तेच बिल दोनदा लागू नये म्हणून: पेमेंट सोडण्यापूर्वीची दुबार बिलांची तपासणी

हिंगण्यातल्या आणि बुटीबोरीतल्या कारखान्यांची खाती तपासताना मला एक चूक वारंवार दिसते. तिथल्या अकाउंट्सच्या माणसांना विचारलं की ते सांगतात, "आम्ही डबल बिल चेक करतो." प्रत्यक्षात ते फक्त बिल नंबर शोधतात. तो नंबर आधी लागलेला नसेल तर बिल पास होतं. पण एकच बिल दोनदा लागतं, तेव्हा दुसऱ्या वेळी नंबर बहुतेक वेळा वेगळ्या पद्धतीने टाइप झालेला असतो, आणि नंबरावर बेतलेली तपासणी नेमकी तिथेच फसते.

म्हणून खाली दिलेल्या पद्धतीत मुख्य चाळणी बिल नंबराकडे बघत नाही. ती तीनच गोष्टी पाहते: पार्टी तीच, रक्कम जवळपास तीच, तारीख जवळपासची. यासाठी टॅली आणि एक्सेल एवढं पुरतं. आठवड्याला चाळीस-पन्नास बिलांचं पेमेंट असेल, तर एकदा हात बसल्यावर हे काम एका दुपारी आटोपतं.

आधी एक प्रकरण बघा

एका फॅब्रिकेशन युनिटला वाडीच्या एका पुरवठादाराकडून लोखंडी प्लेट आली. बिल नंबर WDI/0412, तारीख 8 ऑक्टोबर, करपात्र रक्कम 2,36,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 42,570, एकूण 2,79,070. बिलाची पीडीएफ त्याच दिवशी मेलवर आली आणि परचेसच्या मुलाने ती लावली. नंबर टाकताना त्याने फक्त "412" लिहिलं. वजन कमी भरलं म्हणून 9,400 ची डेबिट नोट निघाली आणि 24 ऑक्टोबरला 2,69,670 चं पेमेंट गेलं.

माल 9 तारखेला गेटवर आला होता. ड्रायव्हरकडची ट्रान्सपोर्टरची प्रत स्टोअरमध्ये राहिली आणि दिवाळीच्या गडबडीत 17 तारखेला वर अकाउंट्सला पोचली. तिच्यावर कोणीतरी पेनाने "हमाली 1180" लिहिलं होतं. दुसऱ्या मुलाने बिल म्हणून तीच लावली. नंबर पूर्ण टाकला, "WDI/0412". तारीख गेटच्या शिक्क्यावरची म्हणजे 9 ऑक्टोबर घेतली. हमाली खरेदीतच मिळवली, त्यामुळे करपात्र रक्कम 2,37,680 झाली आणि एकूण 2,80,250. त्यात त्याच पार्टीची टॅलीत दोन लेजर होती, एकाच्या नावापुढे "नागपूर" होतं आणि दुसऱ्याच्या नव्हतं. हे बिल दुसऱ्या लेजरला गेलं. 7 नोव्हेंबरला 2,80,250 पुन्हा सुटले.

मार्चमध्ये खातेउतारे जुळवताना हे उघड झालं. नंबर वेगळा, तारीख वेगळी, रक्कम वेगळी आणि लेजरही वेगळं. तंतोतंत जुळणी शोधणाऱ्या कोणत्याही तपासणीत हे सापडलं नसतं. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा.

पायरी 1: यादी कुठून आणि किती काढायची

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. बरेच जण आजच्या पेमेंटच्या यादीतल्या बिलांची आपसातच तुलना करतात. वरच्या प्रकरणात दोन पेमेंटच्या मध्ये चौदा दिवस गेले होते, म्हणजे दोन्ही बिलं एकाच यादीत कधी आलीच नाहीत. तुलना करायची ती आज द्यायची बिलं आणि आधी दिलेली बिलं मिळून. चालू आर्थिक वर्षाच्या 1 एप्रिलपासूनची सगळी बिलं घ्या. एप्रिल ते जून या महिन्यांत मागच्या वर्षाचे शेवटचे तीन महिनेही जोडा.

टॅलीतून परचेस रजिस्टर कॉलमनर स्वरूपात एक्सेलमध्ये काढा. पण तेवढ्यावर थांबू नका. भाडं, दुरुस्ती, ट्रान्सपोर्ट, लेबर काँट्रॅक्टर यांची बिलं अनेक ठिकाणी जर्नल व्हाउचरने लागतात आणि परचेस रजिस्टरमध्ये दिसत नाहीत. ती जर्नल रजिस्टरमधून वेगळी काढून त्याच शीटमध्ये खाली चिकटवा. दुरुस्तीचं एकच बिल एकदा परचेसने आणि एकदा जर्नलने लागलेलं मी पाहिलं आहे.

इशारा: व्हाउचरची तारीख आणि बिलाची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टॅलीत पुरवठादाराचा बिल नंबर आणि बिलाची तारीख यांसाठी स्वतंत्र जागा आहे. ती तारीख कॉलममध्ये आली आहे का ते बघा. तुमच्याकडे ती जागा रिकामी सोडायची सवय असेल, तर आधी ती मोडा.

पायरी 2: शीटची मांडणी आणि साफसफाई

कॉलम असे ठेवा: A मध्ये स्थिती (दिलं किंवा द्यायचं), B मध्ये जीएसटीआयएन, C मध्ये पार्टीची ओळख, D मध्ये बिल नंबर जसा आहे तसा, E मध्ये साफ केलेला नंबर, F मध्ये बिलाची तारीख, G मध्ये करपात्र रक्कम, H आणि I मध्ये खूण.

बिल नंबर चिकटवण्याआधी D कॉलमचं फॉरमॅट टेक्स्ट करा. नाहीतर एक्सेल "0412" चं 412 करतं आणि "4-25" सारख्या नंबराची चक्क तारीख करून टाकतं. एकदा तसं झालं की मूळ नंबर परत मिळत नाही, एक्सपोर्ट पुन्हा काढावा लागतो.

पार्टी ओळखायला लेजरचं नाव वापरू नका. जीएसटीआयएन 15 अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, आणि त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे पार्टीचा पॅन. हा पॅन हीच खरी ओळख. पार्टीची दोन लेजर असोत, किंवा तिने एकदा नागपूरच्या आणि एकदा रायपूरच्या नोंदणीवरून बिल पाठवलेलं असो, पॅन तोच राहतो.

C2 मध्ये:

```
=MID(TRIM(B2),3,10)
```

E2 मध्ये:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D2," ",""),"-",""),"/",""))
```

ज्यांच्याकडे जीएसटी नोंदणी नाही, त्यांचा पॅन पार्टी मास्टरमधून हाताने भरा. तोही नसेल तर बँक खाते क्रमांक टेक्स्ट म्हणून टाका आणि त्याच्या पुढे एखादं इंग्रजी अक्षर जोडा, म्हणजे एक्सेल त्याला संख्या समजणार नाही. C ची एकही जागा रिकामी ठेवू नका, कारण त्या ओळींवर चाळणी नीट चालत नाही.

तारखा तपासण्यासाठी बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये `=ISNUMBER(F2)` टाकून खालपर्यंत ओढा. जिथे FALSE येईल ती तारीख तारीख नसून नुसता मजकूर आहे. शिवाय दिवस आणि महिना उलटे झाले नाहीत ना तेही बघा. 5 जूनचं बिल 6 मे होऊन बसलं, तर पंधरा दिवसांच्या खिडकीतून ते सरळ बाहेर पडतं. व्हाउचरच्या तारखेच्या नंतरची बिलाची तारीख दिसली की हाच घोळ आहे असं समजा आणि मूळ कागद काढा.

पायरी 3: रक्कम कोणती घ्यायची

तुलना करपात्र रकमेची करा, देय रकमेची करू नका. देय रकमेत टीडीएस कापलेला असतो, डेबिट नोट वजा झालेली असते, आधीचा ॲडव्हान्स वळता केलेला असतो. वाडीच्या प्रकरणात देय रकमा होत्या 2,69,670 आणि 2,80,250. फरक जवळजवळ चार टक्के, म्हणजे एक टक्क्याच्या चाळणीतून हे निसटलं असतं. करपात्र रकमा मात्र 2,36,500 आणि 2,37,680 आहेत. इथे फरक अर्ध्या टक्क्याचा आहे आणि ही जोडी लगेच सापडते.

तपासा: कोणी करासहित रक्कमच करपात्र म्हणून लावली असेल, तर एक रक्कम दुसरीच्या 1.18 पट दिसेल आणि चाळणीला ती कळणार नाही. जीएसटी लागणाऱ्या पार्टीच्या ज्या ओळीत कराची रक्कम शून्य आहे, त्या ओळी आधीच वेगळ्या काढून डोळ्यांनी बघा.

पायरी 4: मुख्य चाळणी

H2 मध्ये हे सूत्र टाका आणि खालपर्यंत ओढा. ओळी 5000 पेक्षा जास्त असतील तर आकडा वाढवा.

```
=COUNTIFS($C$2:$C$5000,C2,
 $G$2:$G$5000,">="&G2*0.99,
 $G$2:$G$5000,"<="&G2*1.01,
 $F$2:$F$5000,">="&F2-15,
 $F$2:$F$5000,"<="&F2+15)-1
```

शेवटचा उणे एक म्हणजे ओळ स्वतःला मोजते ती वजाबाकी. उत्तर शून्य आलं तर जोडीदार नाही. एक किंवा जास्त आलं तर त्या पार्टीचं, एक टक्क्याच्या आतलं आणि पंधरा दिवसांच्या आतलं दुसरं बिल शीटमध्ये आहे.

I2 मध्ये नंबराची जुनी तपासणीही राहू द्या, पण जोडीला:

```
=COUNTIFS($C$2:$C$5000,C2,$E$2:$E$5000,E2)-1
```

जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिल नंबर एका आर्थिक वर्षापुरता वेगळा असावा लागतो. नवीन वर्षात पार्टी पुन्हा 1 पासून सुरू करू शकते. त्यामुळे I मध्ये आलेली जोडी जर मार्च आणि एप्रिल अशा दोन वर्षांतली असेल, तर ती दुबार असेलच असं नाही.

एक टक्का आणि पंधरा दिवस हे माझ्या अनुभवातून ठरवलेले आकडे आहेत. पंधरा दिवस अशासाठी की बिलाच्या तारखेऐवजी आवकीची तारीख पडली, तरी फरक सहसा त्याच्या आत राहतो. आणि दर महिन्याचं भाडं किंवा मेंटेनन्सचं बिल तीस दिवसांच्या अंतराने येतं, ते विनाकारण अडकत नाही. एक टक्का हा राउंड ऑफ आणि किरकोळ हमालीसाठी आहे. छोट्या बिलांना मात्र तो अपुरा पडतो, कारण 5,000 च्या बिलावर 1180 ची हमाली म्हणजे जवळपास चोवीस टक्के. अशी बिलं तुमच्याकडे बरीच असतील तर हमाली आणि भाडं वेगळ्या लेजरला लावण्याची शिस्त लावा. टक्केवारी वाढवत बसू नका.

तपासा: खरी यादी चालवण्याआधी शीटची परीक्षा घ्या. आधी दिलेलं कुठलंही एक बिल कॉपी करून खाली चिकटवा, नंबर बदला, तारीख तीन दिवस पुढे न्या, रक्कम अर्ध्या टक्क्याने वाढवा. H मध्ये दोन्ही ओळींवर आधीपेक्षा एक जास्त आकडा आलाच पाहिजे. नाही आला तर तारीख किंवा रक्कम मजकूर म्हणून बसली आहे. परीक्षा झाली की ती ओळ लगेच काढून टाका.

पायरी 5: खूण लागलेल्या जोड्या सोडवणे

A मध्ये "द्यायचं" आणि H किंवा I मध्ये शून्यापेक्षा जास्त, असा फिल्टर लावा. समोर येतील ती फक्त संशयित बिलं. त्यांतली बरीचशी खरी असतील, तेव्हा पार्टीला लगेच फोन लावून "तुम्ही डबल बिल दिलं" असं म्हणू नका. कागदावरून सुरुवात करा.

दोन्ही प्रती शेजारी ठेवा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात: मूळ प्रत घेणाऱ्यासाठी, दुसरी ट्रान्सपोर्टरसाठी, तिसरी पुरवठादारासाठी. कोणती प्रत ते बिलावरच छापलेलं असतं. दोनपैकी एका व्हाउचरला ट्रान्सपोर्टरची प्रत जोडलेली असेल तर अर्धा निकाल तिथेच लागला. "प्रोफॉर्मा" असा शब्दही शोधा. प्रोफॉर्मावर ॲडव्हान्स गेलेला असतो आणि टॅक्स इन्व्हॉइसवर पूर्ण पेमेंट सुटतं, ही दुबार पेमेंटची दुसरी नेहमीची वाट आहे.

मग माल किती वेळा आला ते पाहा, कारण निर्णय खऱ्या अर्थाने यावरच होतो. गेटच्या आवक रजिस्टरमध्ये त्या पार्टीच्या त्या आठवड्यातल्या नोंदी काढा. दोन बिलं खरी असतील तर दोन आवक नोंदी, दोन गाड्या किंवा दोन फेऱ्या आणि दोन वजनकाट्याच्या पावत्या असायला हव्यात. वाडीच्या प्रकरणात आवक नोंद एकच होती. महाराष्ट्राच्या आत एक लाखावरच्या मालाला ई-वे बिल लागतं, आणि ते बारा अंकांचं असतं. दोन्ही व्हाउचरच्या कागदांवर तोच बारा अंकी नंबर असेल तर माल एकदाच निघाला आहे. पार्टी ई-इन्व्हॉइस काढणारी असेल तर बिलावर 64 अक्षरांचा आयआरएन असतो. तो जुळला की बिल तेच, मग नंबर कसाही टाइप केलेला असो.

ट्रान्सपोर्टरच्या बिलांवर ही चाळणी सर्वांत जास्त वाजते. नागपूर–चंद्रपूर एक फेरी 14,500 ठरलेली असेल आणि आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या, तर तिन्ही बिलांवर खूण लागणार. इथे बिल नंबर नको, बिल्टीचा नंबर आणि गाडी नंबर बघा. तीन बिल्ट्या असतील तर तिन्ही बिलं सोडा. एकच बिल्टी दोन बिलांना जोडलेली दिसली तर दोन्ही थांबवा. अशा पार्ट्यांना चाळणीतून कायमचं वगळण्याचा मोह होतो. तसं करू नका, कारण दर ठरलेला असतो तिथेच दुबार बिल सहज मिसळून जातं.

पार्टीशी बोलायची वेळ आलीच तर प्रश्न मोकळा ठेवा. "412 नंबरचं बिल दोनदा आलंय का?" असं विचारलं की समोरचा काय उत्तर द्यायचं ते आधीच ठरवतो. "साहेब, सप्टेंबर-ऑक्टोबरचा आमचा खातेउतारा पाठवून द्या," एवढंच म्हणा. उताऱ्यात त्यांनी आपल्या नावावर टाकलेली बिलं मोजा. फोन पार्टी मास्टरमधल्या नंबरावर करा, बिलावर छापलेल्या नंबरावर नाही.

इशारा: जीएसटीआर-2B मध्ये बिल एकदाच दिसतं म्हणून लगेच निकाल देऊ नका. 2B पुढच्या महिन्याच्या 14 तारखेला तयार होतं, आणि पुरवठादाराने रिटर्न भरलं नसेल तर खरं बिलही त्यात नसतं. 2B आधाराला घ्या, पण माल आला की नाही हे ते सांगत नाही.

जोडी सोडवायला वेळ लागत असेल तर फक्त ते बिल यादीतून काढा, बाकीचं पेमेंट जाऊ द्या. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर एमएसएमईडी कायद्याची मुदत चालू असते: लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15 दिवस. म्हणून चाळणी मुदतीच्या शेवटच्या दिवशी चालवू नका. शुक्रवारी पेमेंट सुटत असेल तर बुधवारी दुपारी यादी बंद करा, गुरुवार जोड्या सोडवायला ठेवा.

पायरी 6: बँकेत फाइल चढवण्यापूर्वी

बुधवारी तपासलेली यादी आणि शुक्रवारी बँकेच्या पोर्टलवर चढलेली यादी एकच असायला हवी. मध्ये कोणीतरी "हे दोन अर्जंट आहेत" म्हणून ओळी घालतं, आणि त्या ओळी चाळणीतून गेलेल्या नसतात. म्हणून यादी बंद करताना बिलांची संख्या आणि एकूण रक्कम कागदावर लिहून सही करा. थांबवलेली बिलं वजा करा. पोर्टलवर मंजुरी देणाऱ्याने हेच दोन आकडे जुळवावेत. जुळले नाहीत तर आलेल्या नव्या ओळी शीटमध्ये टाकून पायरी 4 पुन्हा चालवायची, मग मंजुरी.

तपासा: एकाच बँक खात्यावर वेगवेगळ्या नावांनी पेमेंट जात आहे का, हे बँकेच्या फाइलमध्ये खाते क्रमांकानुसार क्रम लावून बघा. दुसरं लेजर असलेली पार्टी इथे शेवटची सापडू शकते.

पायरी 7: दुबार ठरलेलं बिल

व्हाउचर डिलीट करू नका. टॅलीत `Alt+D` ने ते नाहीसं होतं आणि एडिट लॉग नसेल तर नंतर कोणाला काही कळत नाही. `Alt+X` ने ते रद्द होतं, पण नंबर जागेवर राहतो. कारण आणि मूळ व्हाउचरचा नंबर खाली लिहून ठेवा. ज्या महिन्याचं जीएसटी रिटर्न भरून झालं आहे, त्या महिन्यातलं व्हाउचर मागे जाऊन रद्द करू नका. चालू महिन्यात उलटी नोंद करा, आणि त्या बिलावर इनपुट क्रेडिट दोनदा घेतलं असेल तर ते परत फिरवण्याचं तुमच्या सीएंना लगेच सांगा. वापरलं गेलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. दुसऱ्या व्हाउचरने स्टॉकही चढवला असेल, तर तेवढा माल पुस्तकात आहे आणि गोदामात नाही. स्टोअरला तेही कळवा.

पैसे सुटून गेले असतील तर ते "पुढच्या बिलात ॲडजस्ट करू" अशा तोंडी बोलण्यावर सोडू नका. वाडीच्या पार्टीने तयारी लगेच दाखवली होती, पण नवीन ऑर्डर नव्हती, म्हणून रक्कम तशीच पडून राहिली. दोन्ही पेमेंटचे यूटीआर नंबर आणि त्यांचाच खातेउतारा जोडून लेखी पत्र गेलं, तेव्हा दहा दिवसांत पैसे परत आले. शेवटी दोन लेजर एकत्र करून एक ठेवा, आणि उरलेल्या लेजरच्या मास्टरमध्ये जीएसटीआयएन, पॅन आणि बँक खातं भरलेलं आहे ना ते बघा.